मरून सोफा मस्टर्ड कसा करायचा: फोटोतला रंग बदलताना घड्या, चकाकी आणि पोत जपण्याची रीत

गणेशचवथ जवळ आली की गोव्यातल्या आमच्या डिचोलीत सोफ्याच्या कामांची रीघ लागते. पाहुणे येणार म्हणून घर रंगवायला काढतात, आणि भिंती उजळल्या की जुना सोफा डोळ्यांत खुपायला लागतो. माझ्या मित्राचं सोफ्याची कापडं बदलून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक शेडकार्डावरचा तळहाताएवढा तुकडा चाचपून बघतं आणि एकच प्रश्न विचारतं, "पण हे आमच्या सोफ्यावर कसं दिसेल?" त्याचं उत्तर म्हणून मी त्यांच्याच सोफ्याचा फोटो नव्या रंगात करून देतो.

अगदी सुरुवातीला एका काकींचा मरून सोफा मला मस्टर्ड करून दाखवायचा होता. सोफा सिलेक्ट केला, वर मस्टर्ड रंगाचा थर टाकला, थराचा मोड `Color` केला. घड्या छान राहिल्या, कापडाची वीणही दिसत होती. फोटो बघून काकी म्हणाल्या, "बाळा, हा तर जुनाच सोफा मळल्यासारखा दिसतोय." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तो मस्टर्ड नव्हताच, माडाच्या गुळासारखा काळपट तपकिरी होता. तसं का झालं हे समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो, म्हणून आधी तेवढं सांगतो.

रंग बदलला, उजेड तोच राहिला

फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात: कापडाचा स्वतःचा रंग, आणि त्या जागी पडलेला उजेड. घडीच्या आत उजेड कमी पोचतो म्हणून ती गडद दिसते, हाताच्या कडेवर जास्त पडतो म्हणून ती उजळ दिसते. आपल्याला उजेडाचा हा चढउतार जपायचा आहे आणि फक्त कापड बदलायचं आहे.

`Color` मोड वरच्या थरातून रंगाची जात आणि त्याची तीव्रता घेतो, पण उजळपणा खालच्या फोटोतलाच ठेवतो. तो उजळपणा असा मोजला जातो:

```
0.30 × R + 0.59 × G + 0.11 × B
```

काकींच्या सोफ्याच्या बैठकीवर, सपाट आणि नीट उजेड पडलेल्या जागी, मला लाल (R), हिरवा (G) आणि निळा (B) यांचे ११८, ३८, ४६ असे आकडे मिळाले. सूत्रात घातले की उजळपणा ६३ येतो. शेडकार्डावरच्या मस्टर्डचे आकडे होते २०५, १६०, ६०, म्हणजे उजळपणा १६३. मोडने ६३ उजळपणाला हात लावला नाही, फक्त त्याला पिवळी जात दिली. निकाल आला ८९, ६१, ०. हाच तो गुळाचा रंग.

यातून कामाचा एक नियम निघतो. जुन्या आणि नव्या रंगाचा उजळपणा जवळपास सारखा असेल, उदाहरणार्थ मरूनचा बाटली-हिरवा करायचा असेल, तर नुसता `Color` मोड पुरतो आणि पाच मिनिटांत काम होतं. उजळपणात मोठं अंतर असेल तर आधी उजळपणा हलवावा लागतो आणि मग रंग द्यावा लागतो. पुढची सगळी रीत या दुसऱ्या, कठीण प्रकारासाठी आहे.

फोटो कसा घ्यायचा

मी हे काम फोटोपीमध्ये करतो. ते ब्राउझरमध्ये फुकट चालतं, आणि त्यातल्या मेन्यूंची नावं बहुतेक फोटोशॉपसारखीच आहेत.

व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो घेऊ नका. तो दाबून लहान केलेला असतो, आणि उजळपणा वर ओढला की दाबताना पडलेले चौकोन गडद घड्यांमध्ये उघडे पडतात. गिऱ्हाइकाला फोटो `Document` म्हणून पाठवायला सांगा. स्वतः काढणार असाल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा. पावसाळ्यातला ढगाळ उजेड यासाठी फार चांगला. सावल्या मऊ पडतात आणि कुठेच पांढरा भगभगीत डाग येत नाही.

शेडकार्ड त्याच वेळी सोफ्यावर टेकवून त्याचाही एक फोटो घ्या. कंपनीच्या वेबसाइटवरचा मस्टर्ड वेगळ्या उजेडात टिपलेला असतो. आपल्याला हवा तो त्या खोलीतल्या उजेडातला मस्टर्ड. वरचे २०५, १६०, ६० हे आकडे मी असेच, सोफ्यावर टेकवलेल्या तुकड्यावरून घेतले होते. आयड्रॉपरने एकच ठिपका उचलू नका. विणीतला एखादा धागा उजळ, शेजारचा गडद असतो, त्यामुळे निदान ५ × ५ ठिपक्यांची सरासरी घ्या.

सोफा वेगळा करणे

सरळ कडांसाठी पेन टूल, उशांच्या गोलाईसाठी क्विक सिलेक्शन, असं दोन्ही मिळून मी सिलेक्शन करतो. लाकडी पाय, पितळी खिळे, वेगळ्या रंगाची पायपिंग आणि पांढऱ्या दोऱ्याची शिवण यांना वगळा. ही शिवण वगळायला वेळ लागतो, पण पांढरा दोराही पिवळा झाला की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तरी काहीतरी बनावट वाटतं.

सिलेक्शन झालं की ते एक ठिपका बाहेर वाढवा: `Select > Modify > Expand`, १. याचं कारण जेपेग फाइलमध्ये आहे. मोबाइलच्या जेपेगमध्ये उजळपणा पूर्ण बारकाईने साठवलेला असतो, पण रंग बहुधा आडवा-उभा दोन्हीकडे निम्म्या बारकाईने साठवतात. म्हणून मरून रंग सोफ्याच्या कडेबाहेर, पांढऱ्या भिंतीवर एखाद-दुसरा ठिपका सांडलेला असतो. सिलेक्शन अगदी काटेकोर केलंत तर मस्टर्ड सोफ्याभोवती बारीक लालसर रेघ उरते. फोटो २००% मोठा करून पांढऱ्या भिंतीला लागलेली कड बघा, ही रेघ असली तर लगेच दिसेल. मग `Feather` ०.५ ते १ ठिपका द्या, म्हणजे कड कात्रीने कापल्यासारखी दिसत नाही.

आता एक रिकामा फोल्डर म्हणजे ग्रुप करा आणि हे सिलेक्शन त्या ग्रुपला मास्क म्हणून लावा. पुढचे सगळे थर या ग्रुपच्या आत ठेवायचे, म्हणजे प्रत्येकाला वेगळा मास्क लावावा लागत नाही, आणि कड दुरुस्त करायची झाली तर एकाच ठिकाणी करता येते. ग्रुपचा मोड `Pass Through` असला पाहिजे. तो चुकून `Normal` झाला तर आतल्या `Channel Mixer` आणि `Curves` या थरांचा खालच्या फोटोवर काहीच परिणाम होत नाही, रंगाचा थर नुसता सपाट पिवळा दिसतो, आणि नवखा माणूस तासभर चूक शोधत बसतो.

कुठल्या चॅनेलमधून उजेड घ्यायचा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण चांगलं आणि वाईट काम इथेच ठरतं.

`Window > Channels` उघडा आणि लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल, म्हणजे फोटोतला त्या त्या एकाच रंगाचा उजेड, एकेक करून बघा. मरून सोफा लाल चॅनेलमध्ये मध्यम करडा दिसतो, वीण आणि शिवणी ठळक. हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये तोच सोफा जवळजवळ काळा दिसतो आणि घड्यांमध्ये नुसते दाणे असतात. मरून कापड लाल उजेड बऱ्यापैकी परतवतं आणि बाकीचा गिळून टाकतं, म्हणून खरी माहिती लाल चॅनेलमध्ये आहे. सूत्रातला ६३ हा आकडा हिरव्या चॅनेलवर सर्वांत जास्त भर देऊन आलेला आहे. लाल चॅनेलमध्ये तीच जागा ११८ आहे. ६३ वरून १६३ ला ओढण्यापेक्षा ११८ वरून ओढणं पुष्कळ सोपं, आणि दाणेही तेवढे उसळत नाहीत.

दुसरं कारण मला याहून महत्त्वाचं वाटतं. फिक्या कापडाच्या घडीत उजेड शिरला की तो एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर उसळत राहतो आणि घडी आतून थोडी भरून येते. गडद कापड पहिल्याच उसळीत उजेड गिळतं, म्हणून त्याची घडी काळी पडते. खात्री करायची असेल तर एक पांढरी आणि एक काळी बनियन चुरगळून शेजारी ठेवा. मरून कापड लाल उजेडापुरतं फिक्या कापडासारखं वागतं, त्यामुळे लाल चॅनेलमधल्या घड्या मऊ, उजळ सोफ्याच्या घड्यांसारख्या असतात. मस्टर्डसाठी आपल्याला तशाच हव्यात. उलट, हाच सोफा नेव्ही ब्लू करायचा असता तर मी लाल चॅनेलमध्ये हिरवा बराच मिसळला असता, कारण गडद कापडाच्या घड्या खोल दिसायला हव्यात.

ग्रुपच्या आत `Layer > New Adjustment Layer > Channel Mixer` घ्या, `Monochrome` वर खूण करा, लाल १००, हिरवा ०, निळा ० ठेवा. सोफा आता करड्या रंगाचा दिसेल आणि जुना मरून पूर्ण गेलेला असेल.

उजळपणा हलवणे

त्यावर `Curves` चा थर. करड्या सोफ्यावर तीन जागा निवडून त्यांचे आकडे लिहून घ्या: खोल घडी, सपाट बैठक आणि सर्वांत उजळ कड. माझ्या फोटोत ते ४०, ११८ आणि १९० होते.

बैठकीचा ११८ आपल्याला १६३ वर न्यायचा आहे, म्हणजे १.३८ पट. घडीही तेवढ्याच पटीने उजळली पाहिजे, कारण घडी बैठकीच्या मानाने किती गडद आहे यावरूनच डोळ्याला तिची खोली कळते. ४० चे झाले ५५. उजळ कडेला मात्र हा हिशेब लावता येत नाही. १९० च्या १.३८ पट म्हणजे २६२, आणि फोटो २५५ च्या वर जात नाही. तिथली वीण कायमची पुसली जाईल. म्हणून १९० ला मी २२५ वर थांबवलं. वक्र रेषेवर एवढेच तीन बिंदू, आणि काळं टोक ० वर तसंच.

काळं टोक उचलायचा मोह होतो, कारण त्याने सोफा पटकन उजळतो. पण मग घड्यांमध्ये धुकं भरल्यासारखं दिसतं आणि सोफा पावडर मारल्यासारखा वाटतो. तसं दिसलं तर आधी ते टोक तपासा.

आता रंग

सर्वांत वर `Layer > New Fill Layer > Color Fill`, आकडे २०५, १६०, ६०, मोड `Color`. बैठक आता बरोबर शेडकार्डासारखी दिसेल, कारण तिचा उजळपणा आणि मस्टर्डचा उजळपणा एकच झाला आहे.

घड्या मात्र जवळून बघा. माझ्या सोफ्यात घडीचा रंग ७७, ५३, ० आला, जळकट नारिंगीकडे झुकणारा. खऱ्या मस्टर्ड कापडाची सावली साधारण ६९, ५४, २० अशी असायला हवी. `Color` मोड गडद भागात रंग अवाजवी भरतो. फक्त घड्यांमधला रंग थोडा मागे घ्यायचा आहे, आणि त्यासाठी `Blend If` आहे.

रंगाच्या थराच्या `Layer Style` मध्ये `Blending Options` उघडा. `Underlying Layer` च्या पट्टीवर डावीकडे एक काळा त्रिकोण दिसेल. `Alt` दाबून तो ओढला की त्याचे दोन तुकडे होतात. डावा तुकडा ० वर राहू द्या, उजवा ८० वर न्या. आता अगदी काळ्या भागात रंग लागणार नाही, ८० पर्यंत हळूहळू वाढत जाईल आणि त्यापुढे पूर्ण लागेल. माझ्या घडीचा रंग यानंतर ७०, ५४, १७ झाला, हव्या त्या सावलीच्या अगदी जवळ. त्रिकोणाचे दोन तुकडे न करता तो अख्खा ओढलात तर घडीत करडा आणि पिवळा यांच्यामध्ये धारदार सीमा पडते.

सोफा रेक्झिनचा किंवा लेदरचा असेल तर याच पट्टीवरचा उजवा, पांढरा त्रिकोणही फोडावा लागतो. रेक्झिनवरची चकाकी पृष्ठभागावरून सरळ परतलेली असते, तिला खालच्या रंगाचा स्पर्श झालेला नसतो. लाल रेक्झिनवरही खिडकीची चकाकी पांढरीच दिसते. तिला मस्टर्ड चढला तर रेक्झिन प्लास्टिकच्या खेळण्यासारखं दिसतं. तुकडे २१० आणि २५५ वर ठेवून सुरुवात करा. जाड विणीच्या साध्या कापडाला याची गरज पडत नाही.

सोफ्याबाहेर सांडलेला मरून

इथपर्यंत सगळं नीट झालं तरी फोटो बघून कुणीतरी म्हणतं, काहीतरी बिघडलंय. बहुतेक वेळा चूक सोफ्याच्या बाहेर असते. मरून सोफ्याने शेजारच्या भिंतीवर फिकट गुलाबी छटा टाकलेली असते आणि चकचकीत टाइल्सवर त्याचं प्रतिबिंब पडलेलं असतं. सोफा पिवळा आणि खाली सावली लाल, हे डोळा खपवून घेत नाही.

टाइल्सवरच्या प्रतिबिंबासाठी ग्रुपच्या मास्कवर मऊ, पांढऱ्या ब्रशने, ४०% ओपॅसिटीवर हलकेच रंगवा. सोफ्याला जे केलं तेच तिथेही थोड्या प्रमाणात लागू होतं. भिंतीवरच्या छटेसाठी ग्रुपच्या वर नवा रिकामा थर घ्या, मोड `Color`, भिंतीच्या लांबच्या स्वच्छ भागातला रंग उचला आणि ३०% ओपॅसिटीने फिरवा. जुन्या घरांतल्या तांबड्या सिमेंटच्या जमिनीवर मात्र आधी थांबून विचार करा. तिथे सोफ्याच्या खालच्या कडेवर जमिनीचाच तांबूस उजेड चढलेला असतो, आणि तो मस्टर्ड सोफ्यावरही असायला हवा. `Channel Mixer` ने तो पुसला गेला असेल तर `Soft Light` मोडच्या थरावर अगदी फिकट तांबड्या रंगाने खालच्या कडेवर परत द्या. एका बाजूला पिवळा दिवा लागलेला असेल तर त्या हातालाही अशीच थोडी ऊब द्यावी लागते.

काकींना मी फोटो परत करून पाठवला तो शेडकार्डाच्या फोटोशेजारी ठेवून. मोबाइलच्या स्क्रीनवर रंग थोडा वेगळा दिसला तरी दोन्ही सारखेच बदलतात, त्यामुळे तुलना खरी राहते. त्यांनी तोच मस्टर्ड निवडला.

छापील फुलांच्या कापडाला ही रीत चालत नाही, कारण तिथे कुठला गडदपणा उजेडाचा आणि कुठला छपाईचा हे वेगळं करता येत नाही. मखमलीवर चालते, पण तिची लव ज्या दिशेने झोपलेली असते तशी चकाकी बदलते आणि त्या चकाकीत कापडाचा रंग मिसळलेला असतो. म्हणून मखमलीला पांढरा त्रिकोण फोडू नका.

गाडी असेल तर

गाडीवर रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. आकाश, माड, समोरचं घर असं जे काही बॉनेटवर दिसतं ते त्या लॅकरवरून परतलेलं असतं आणि गाडीच्या रंगाशी त्याचा संबंध नसतो. म्हणून अख्ख्या दारावर एक रंग चढवला की त्यातलं आकाशही रंगतं, आणि गाडी मातीची घडवल्यासारखी दिसते.

लाल गाडीसाठी चॅनेल पुन्हा मदतीला येतात, पण उलट्या बाजूने. निळ्या चॅनेलमध्ये लाल रंग जवळजवळ काळा असतो, त्यामुळे तिथे उरतं ते बहुतांशी फक्त प्रतिबिंब. निळा चॅनेल सिलेक्ट करून कॉपी करा, सर्वांत वर नवा थर म्हणून पेस्ट करा आणि मोड `Screen` करा. `Levels` ने त्याचा काळा बिंदू इतका आत घ्या की दाराचा सपाट भाग पूर्ण काळा होईल. हा थर गाडीच्या मास्कमध्येच ठेवा. खाली सोफ्यासारखीच रंगाची रीत करा, वरून हे प्रतिबिंब जसंच्या तसं बसेल. गाडी मोकळ्या आकाशाखाली असेल तर ते थोडं निळसर असायला हवं, म्हणून नुसत्या पांढऱ्यापेक्षा किंचित निळी छटा दिलेली खरी वाटते. काचा, दिवे, रबरी पट्ट्या आणि नंबरप्लेट मास्कमधून वगळा. भाड्याच्या गाडीची पिवळ्या अक्षरांची काळी प्लेट कडेला रंगली तर ती सर्वांत आधी नजरेत येते.

पांढरी गाडी काळी करायला मात्र नकार द्या. पांढऱ्या रंगावर प्रतिबिंब असतं, पण ते रंगाच्या उजेडात बुडून जातं. काळ्या गाडीवर मुख्यतः प्रतिबिंबच दिसतं, आणि ते या फोटोतून बाहेर काढायला कुठल्याच चॅनेलमध्ये पुरेसं नसतं. त्याच जागी उभ्या केलेल्या एखाद्या गडद गाडीचा फोटो मागा आणि त्यावर काम करा.